१ भागिले क्वाड्रॅटिकचं इंटिग्रेशन: टॅन इनव्हर्स येणार की लॉग, आणि मधल्या पायऱ्या कुठं घसरतात

∫ dx/(2x²+3x+5) असा प्रश्न दिसला की पोट्टे सरळ फॉर्म्युल्यावर उडी मारतात. फॉर्म्युला पाठ असते, लिहिते पण बरोबर, आणि तरी उत्तर चुकते, कारण गडबड त्याच्या आधीच झालेली असते. बाहेर काढलेला 2 कुठंतरी हरवला, अर्ध्याचा वर्ग मिळवला पण वजा केला नाही, नाहीतर k च्या जागी k² बसवला. नागपुरात बारावीच्या बॅचच्या वह्या तपासा नाहीतर फर्स्ट इयर इंजिनीअरिंगच्या, लाल पेन फिरते ती जागा तीच. म्हणून इथं फक्त पायऱ्या, त्यांचा क्रम आणि कुठं थांबून बघायचं ते.

इथं न्यूमरेटर नुसता आकडा आहे असं धरलंय. वर x असला तर आधी तो तोडावा लागते, ते वेगळं प्रकरण, त्यात आत्ता शिरत नाही.

## तयारी: तीन फॉर्म्युले, पण a नको, k वापरा

पुस्तकात फॉर्म्युल्यातही a असतो आणि ax²+bx+c मध्येही a असतो. दोन वेगळ्या गोष्टी, अक्षर एकच, आणि घाईत पोरं एकाच्या जागी दुसरा टाकून मोकळे होतात. म्हणून वहीत फॉर्म्युले असे उतरवून घ्या:

(१) ∫ dt/(t²+k²) = (1/k) tan⁻¹(t/k) + C

(२) ∫ dt/(t²−k²) = (1/2k) log|(t−k)/(t+k)| + C

(३) ∫ dt/(k²−t²) = (1/2k) log|(k+t)/(k−t)| + C

टॅन इनव्हर्सपुढं 1/k आणि लॉगपुढं 1/2k, हा 2 कुठं येतो अन् कुठं नाही यात जवळजवळ सगळे कधी ना कधी गोंधळतात. पाठ करण्यापेक्षा तो कुठून येतो ते बघून घ्या. दुसऱ्या फॉर्म्युल्यात 1/(t−k) मधून 1/(t+k) वजा केलं तर वर 2k उरते, आपल्याला वर 1 पाहिजे, म्हणून 2k नं भागायचं. पहिल्यात t = ku ठेवलं की वर k येते आणि खाली k²(u²+1), म्हणजे एकच k खाली शिल्लक, तिथं 2 यायचं काही कारणच नाही. एवढं एकदा स्वतःच्या हातानं करून पाहिलं की परीक्षेत विसरलं तरी दोन ओळीत परत काढता येते.

## पायरी १: काही लिहायच्या आधी b²−4ac काढा

ही पायरी मार्कांसाठी नाही, स्वतःसाठी आहे, कोपऱ्यात पेन्सिलनं केली तरी चालते. ऋण आलं तर उत्तर टॅन इनव्हर्स. धन आलं तर लॉग. शून्य आलं तर दोन्ही नाही, डिनॉमिनेटर स्वतःच पूर्ण वर्ग आहे, म्हणजे 4x²−12x+9 असेल तर ते (2x−3)² आणि उत्तर −1/(2(2x−3)) + C, तिथं पुढच्या पायऱ्यांची गरजच नाही.

आपल्या उदाहरणात 9 − 40 = −31. म्हणजे टॅन इनव्हर्स येणार. आता पुढं कुठंही आकडेमोड करताना (काहीतरी)² वजा काहीतरी असं दिसू लागलं तर लगेच समजायचं की मध्ये साइन चुकली, शेवटपर्यंत जायची वाट बघायची नाही.

थांबा: a धन आणि c ऋण असेल तर −4ac धन होते. 2x²+3x−5 मध्ये 9 + 40 = 49. इथं 9 − 40 लिहिणारे कमी नाहीत, आणि मग लॉगचा प्रश्न ते टॅन इनव्हर्सनं सोडवत बसतात.

## पायरी २: x² चा कोएफिशियंट बाहेर, तोही पूर्ण डिनॉमिनेटरमधून

2x²+3x+5 = 2[x² + (3/2)x + 5/2]

तिन्ही टर्मला 2 नं भागायचं. नेहमीची चूक म्हणजे पहिल्या दोन टर्ममधून 2 काढतात आणि 5 तसाच ठेवतात. तसं करायचंच असेल तर 5 कंसाबाहेर पाहिजे, आणि मग शेवटी घोळ वाढते, म्हणून मी तरी सगळं आतच घ्या म्हणतो.

आता तो 2 इंटिग्रलच्या बाहेर 1/2 म्हणून येते. तो लगेच लिहा आणि प्रत्येक ओळीत लिहीत जा:

I = (1/2) ∫ dx/[x² + (3/2)x + 5/2]

"शेवटी लावून घेऊ सर" म्हणणाऱ्यांचा तो 1/2 शेवटी लागत नाही, हे सांगायची गरज नाही.

## पायरी ३: थर्ड टर्म मिळवा आणि तिथंच वजा करा

x च्या कोएफिशियंटचं अर्धं, मग त्याचा वर्ग. कोएफिशियंट 3/2, अर्धं 3/4, वर्ग 9/16.

x² + (3/2)x + 9/16 − 9/16 + 5/2

पहिल्या तीन टर्म मिळून (x + 3/4)². उरलं 5/2 − 9/16 = 40/16 − 9/16 = 31/16.

म्हणजे डिनॉमिनेटर झाला (x + 3/4)² + 31/16.

इथं तीन जागा आहेत घसरायच्या. एक, 3/2 चं अर्धं 3 असं लिहून टाकतात, ते दुप्पट झालं, अपूर्णांकाचं अर्धं करायचं म्हणजे खालचा आकडा दुप्पट करायचा. दोन, कंसात 9/16 लिहितात, म्हणजे (x + 9/16)², तिथं अर्धं येते, अर्ध्याचा वर्ग नाही. तीन, आणि ही सगळ्यात जास्त दिसते, 9/16 मिळवते आणि वजा करायचं विसरते, मग बाहेर 5/2 च राहते. नुसतं मिळवलं तर प्रश्नच बदलला ना, तुम्ही दुसऱ्याच कोणाचं इंटिग्रेशन करून राहिले.

x चा कोएफिशियंट ऋण असेल तर कंसात वजा येते, पण थर्ड टर्म धनच राहते, कारण तो वर्ग आहे. x²−6x+… मध्ये अर्धं −3, थर्ड टर्म +9, कंस (x−3)².

चेक: कंसाबाहेर उरलेला आकडा नेहमी (4ac−b²)/4a² एवढा असते. इथं 31/16. पहिल्या पायरीत −31 आलं होतं, इथं वर 31 आहे आणि खाली 4×4 = 16. जुळलं, पुढं चला. नाही जुळलं तर पुढं जाऊच नका, इथंच चूक शोधा, ती शेवटच्या चार ओळीतच असते.

## पायरी ४: t आणि k वेगळे लिहून घ्या

t = x + 3/4, k² = 31/16, k = √31/4

ही एक ओळ लिहायचा कंटाळा करतात आणि तिथंच 1/k च्या जागी 16/31 लिहिलं जाते. k² दिसते म्हणून k² च उचलला. फॉर्म्युल्यात k लागतो, वर्गमूळ काढलेला. √31 चा पूर्णांक निघत नाही म्हणून घाबरून पोरांना वाटते कुठंतरी चुकलं असेल, पण तसं काही नाही, k मध्ये मूळ राहणं अगदी नॉर्मल आहे.

dx = dt, कारण x चा कोएफिशियंट 1 आहे. हे म्हणूनच सोपं झालं की दुसऱ्या पायरीत आपण 2 बाहेर काढला होता.

## पायरी ५: फॉर्म्युला, मग साफसफाई

I = (1/2) · (4/√31) · tan⁻¹[(x + 3/4)/(√31/4)] + C

आतला अपूर्णांक वर-खाली 4 नं गुणला की

I = (2/√31) tan⁻¹[(4x+3)/√31] + C

आता इथं एक मस्त चेक फुकटात मिळते. डिनॉमिनेटर 2x²+3x+5 चा डेरिव्हेटिव्ह 4x+3. टॅन इनव्हर्सच्या आत वर जे आलं तेही 4x+3. हे योगायोगानं नाही, पूर्ण वर्गातला कंस नेहमी डेरिव्हेटिव्हच्या पटीतच असते. तुमच्या उत्तरात आत 4x+6 किंवा 2x+3 दिसलं तर तिसऱ्या पायरीचं अर्धं चुकलंय, बाकी काही बघायची गरज नाही.

## पायरी ६: x = 0 टाकून उत्तर पकडा

पूर्ण डेरिव्हेटिव्ह घेऊन ताळा करायला वेळ नसते, मान्य आहे. पण डेरिव्हेटिव्ह घेऊन त्यात फक्त x = 0 टाकायला अर्धा मिनिट लागते. मूळ फंक्शन 0 वर 1/5 आहे. आपल्या उत्तराचा डेरिव्हेटिव्ह:

(2/√31) · (4/√31) / [1 + (4x+3)²/31] = 8/[31 + (4x+3)²]

x = 0 ला 8/(31+9) = 8/40 = 1/5. जुळलं.

बाहेरचा 1/2 विसरला असता तर इथं 2/5 आलं असतं. 1/k च्या जागी 1/2k लावला असता तर 1/10. म्हणजे चूक आहे एवढंच नाही, किती पटीनं आहे तेही कळते आणि त्यावरून कोणता आकडा हरवला ते लगेच सापडते. डिनॉमिनेटरमध्ये c शून्य असला तर 0 चालणार नाही, तेव्हा x = 1 घ्या. आणि एका बिंदूवर जुळलं म्हणजे शंभर टक्के झालं असं नाही, शंका असेल तर आणखी एक आकडा टाकून बघा.

## तोच प्रश्न, एक साइन बदलून: लॉगवाला

आता 2x²+3x−5 घ्या. D = 49, धन, म्हणजे लॉग. पायऱ्या त्याच:

2[(x + 3/4)² − 9/16 − 5/2] = 2[(x + 3/4)² − 49/16]

इथं −9/16 आणि −40/16 दोन्ही ऋण, मिळून −49/16. k = 7/4. दुसरा फॉर्म्युला, 2k = 7/2:

I = (1/2) · (2/7) · log|(x + 3/4 − 7/4)/(x + 3/4 + 7/4)| + C = (1/7) log|(x−1)/(x + 5/2)| + C

वर-खाली 2 नं गुणून (1/7) log|(2x−2)/(2x+5)| + C.

x = 0 चा चेक: डेरिव्हेटिव्ह (1/7)[1/(x−1) − 2/(2x+5)], 0 ला (1/7)(−1 − 2/5) = −1/5. मूळ फंक्शनही 1/(−5). बरोबर.

याच प्रश्नावर हमखास एक संवाद होते.

"सर, माझं उत्तर पुस्तकासारखं काहून नाही येऊन राहिलं? त्यांचं वर x−1 आहे, माझं 2x−2."

"खाली काय आहे तुझ्या?"

"2x+5. त्यांचंही 2x+5."

"मग 2x−2 मधला 2 लॉगच्या बाहेर काढ. काय निघाला?"

"(1/7) log 2."

"तो आकडाच आहे ना. C मध्ये गेला तो."

पुस्तकानं पार्शियल फ्रॅक्शननं केलं की (1/7) log|(x−1)/(2x+5)| येते, पूर्ण वर्गानं केलं की आपलं येते, दोन्ही बरोबर, फरक फक्त कॉन्स्टंटचा. म्हणून लॉगचं उत्तर जुळलं नाही की खोडरबर उचलू नका, आधी दोन उत्तरांची वजाबाकी करून x उडते का बघा. सीईटीत ऑप्शनमध्ये तुमचं रूप नसलं तरी हेच करायचं.

मॉड्युलसच्या उभ्या रेघा लिहा. (x−1) हे x = 0 ला ऋण आहे आणि ऋण आकड्याचा लॉग इथं नाही घेता येत.

आणि हो, D पूर्ण वर्ग आला (इथं 49) तर फॅक्टर सहज पडतात, तिथं पार्शियल फ्रॅक्शननं केलं तरी कोणी अडवत नाही. पण D = 17 असं काही आलं तर मुळं √17 वाली, तिथं पूर्ण वर्गच बरा.

## x² ऋण असेल तेव्हा

3−2x−x² घ्या. इथं सगळ्यात वाईट सवय म्हणजे 3 − (x²−2x) लिहिणं. ऋण बाहेर काढला की आतल्या दोन्ही साइन बदलतात:

3−2x−x² = −(x²+2x−3) = −[(x+1)² − 4] = 4 − (x+1)²

तिसरा फॉर्म्युला, k = 2:

I = (1/4) log|(2 + x + 1)/(2 − x − 1)| + C = (1/4) log|(3+x)/(1−x)| + C

0 ला चेक: (1/4)(1/3 + 1) = 1/3. मूळ फंक्शन 1/3. ठीक. दुसरा आणि तिसरा फॉर्म्युला उलटसुलट लावला तर हाच चेक −1/3 देते, म्हणजे फक्त साइन उलटी, आकडा तोच. असं दिसलं की लॉगच्या आतला अपूर्णांक उलटा करा, झालं.

## शॉर्टकट, आणि त्याचा खड्डा

a पूर्ण वर्ग असला की हुशार पोरं बाहेर न काढता सरळ करतात: 9x²+6x+5 = (3x+1)² + 4. चांगलं आहे, वेळ वाचते. पण आता t = 3x+1, म्हणजे dt = 3dx, आणि बाहेर 1/3 लागते:

I = (1/3) · (1/2) · tan⁻¹[(3x+1)/2] + C

तो 1/3 विसरायचं प्रमाण इतकं आहे की ज्याला अजून पायऱ्या पक्क्या नाहीत त्यानं हा शॉर्टकट घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. आधी 9 बाहेर काढून करा, उत्तर तेच येते. 0 चा चेक इथंही: (1/6)(3/2)/(1 + 1/4) = 1/5.

## लिमिट्स आल्या की दोन गोष्टी बघा

∫ 0 ते 1 मध्ये आपला पहिला प्रश्न टाका. फंक्शन 0 ला 1/5 आणि 1 ला 1/10, मधात सारखं उतरते, आणि रुंदी 1. म्हणजे उत्तर 0.1 आणि 0.2 च्या मधातच पाहिजे, आकडेमोड न करता कळलं. खरं उत्तर साधारण 0.145. बाहेरचा 1/2 विसरला की 0.29 येते, लगेच पकडल्या जाते. घरी कॅल्क्युलेटरवर ताळा करताना 8.3 सारखं काही आलं तर तुमची आकडेमोड ठीक आहे, कॅल्क्युलेटर डिग्रीत आहे, रेडियनवर टाका.

लॉगवाल्यात आधी मुळं बघा. 1/(2x²+3x−5) चं 0 ते 2 विचारलं तर मधात x = 1 ला डिनॉमिनेटर शून्य होते. तुम्ही डोळे मिटून लिमिट टाकल्या तर (1/7) log(5/9) असा छान सभ्य आकडा निघते, पण तो खोटा, हे इंटिग्रल अस्तित्वातच नाही. मॉड्युलसमुळे ही चूक झाकल्या जाते, म्हणून मुळं दोन लिमिटच्या मधात पडतात का हे आधीच बघायचं.

## वेष बदलून आलेला प्रश्न

∫ dx/(3 + 2 sin x + cos x). क्वाड्रॅटिक कुठंच दिसत नाही. t = tan(x/2) ठेवा, तर sin x = 2t/(1+t²), cos x = (1−t²)/(1+t²), dx = 2dt/(1+t²). सगळीकडचा 1+t² उडून

∫ 2dt/(3+3t²+4t+1−t²) = ∫ 2dt/(2t²+4t+4) = ∫ dt/(t²+2t+2) = ∫ dt/[(t+1)²+1]

D = 4 − 8 = −4, ऋण, टॅन इनव्हर्स. k = 1. उत्तर tan⁻¹(1 + tan(x/2)) + C. पुष्कळ पोरं इथं tan⁻¹(t+1) वर थांबतात, x मध्ये परत जायचं राहून जाते, मार्क त्याचाच कापल्या जाते.

पण याच उत्तरात 0 ते 2π अशा लिमिट टाकून बघा. x = 0 ला tan(x/2) = 0, x = 2π ला पण 0. दोन्हीकडं tan⁻¹(1), वजाबाकी शून्य. आणि फंक्शन तर सगळीकडं धन आहे, कारण 2 sin x + cos x कधीच −√5 च्या खाली जात नाही, म्हणजे डिनॉमिनेटर 3 − √5 पेक्षा कमी होत नाही. धन फंक्शनचं क्षेत्रफळ शून्य कसं येईल?

गडबड x = π ला आहे, तिथं tan(x/2) वर अनंताकडं जाऊन खालून परत येते, आणि आपलं उत्तर तिथं तुटते. म्हणून π ला तोडून दोन तुकडे करा. 0 ते π मध्ये π/2 − π/4 = π/4. π ते 2π मध्ये π/4 − (−π/2) = 3π/4. बेरीज π, आणि हेच खरं उत्तर.